पाळी गेल्यावरचं इस्ट्रोजेन येतं कुठून?

मावशीने गोळ्यांची पट्टी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "अगं, माझी पाळी जाऊन सोळा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, ही गोळी इस्ट्रोजेन बंद करते. आता माझ्यात आहे कुठे ते, बंद करायला?"

मावशी 64 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या स्तनातली गाठ काढली. गाठीच्या तपासणीत ती 'हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह' निघाली, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसली जाणारी. म्हणून डॉक्टरांनी लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं घ्यायला सांगितली. पाच वर्षं रोज गिळायच्या गोळीबद्दलचा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन अंडाशयात तयार होतं, पाळी गेली की अंडाशय थांबतात, आणि इस्ट्रोजेन संपतं, असं आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. यातली पहिली दोन वाक्यं बरीचशी खरी आहेत. तिसरं खरं नाही.

ते खरं नाही याची पहिली चाहूल शस्त्रक्रियेच्या टेबलावर लागली. 1896 साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने असं प्रसिद्ध केलं, की स्तनाचा कर्करोग पसरलेल्या तरुण बायकांचे अंडाशय काढल्यावर काहींच्या गाठी आकसल्या. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा नव्हता. पुढे अर्धशतकाने, 1950 च्या सुमारास, शिकागोचे चार्ल्स हगिन्स एक पाऊल पुढे गेले. अंडाशय नसलेल्या किंवा थांबलेल्या बायकांच्या मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी त्यांनी काढल्या. कॉर्टिसोन औषध म्हणून मिळू लागल्यामुळेच हे शक्य झालं, नाहीतर अ‍ॅड्रिनलशिवाय माणूस जगत नाही. काही बायकांच्या गाठी पुन्हा आकसल्या. म्हणजे अंडाशयांनंतरही गाठीला खाद्य मिळत होतं, आणि त्याचा धागा अ‍ॅड्रिनलपर्यंत जात होता. मग अ‍ॅड्रिनल इस्ट्रोजेन बनवतात, असा सरळ निष्कर्ष निघाला. तो चुकीचा होता, आणि चूक उमगायला आणखी वीस वर्षं गेली.

ती उलगडली डॅलसमध्ये. टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय संस्थेत पेंटी सीटेरी, पॉल मॅक्डोनाल्ड आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नामागे होते. अ‍ॅड्रिनलमधून बाहेर पडणारा अँड्रोस्टेनडायोन नावाचा पदार्थ शरीरात फिरता फिरता इस्ट्रोजेन होतो का? अँड्रोस्टेनडायोन हा अँड्रोजेन आहे, म्हणजे आपण ज्यांना 'पुरुषी हार्मोन' म्हणतो त्या घराण्यातला. त्यांनी रजोनिवृत्त बायकांना किरणोत्सर्गी खूण लावलेला अँड्रोस्टेनडायोन अगदी सूक्ष्म प्रमाणात दिला. त्याचबरोबर वेगळी खूण लावलेलं इस्ट्रोनही दिलं. इस्ट्रोन हे इस्ट्रोजेनचं एक रूप. पुढचे काही दिवस लघवी जमवून दोन्ही खुणांचं गुणोत्तर मोजलं, की दिलेल्या अँड्रोस्टेनडायोनपैकी किती इस्ट्रोन झाला ते कळायचं. 1973 मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्यातून असं दिसलं, की पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात दिवसाला साधारण 40 ते 45 मायक्रोग्रॅम इस्ट्रोन तयार होतो आणि जवळजवळ तो सगळा रक्तातल्या अँड्रोस्टेनडायोनपासूनच होतो. कोणतीही एक ग्रंथी तो थेट बनवून रक्तात सोडत नव्हती. अ‍ॅड्रिनल कच्चा माल देत होत्या, पक्का माल भलतीकडेच होत होता.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं जातं. स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन कोणत्याही वयात अँड्रोजेनपासूनच बनतं. तरुणपणी अंडाशयात पिकणाऱ्या बीजाभोवती पेशींचे दोन थर असतात. बाहेरचा थर अँड्रोजेन बनवतो, आतला थर ते घेऊन त्याचं इस्ट्रोजेन करतो. हे रूपांतर करणाऱ्या विकराचं नाव अ‍ॅरोमाटेज. अँड्रोजेनच्या रेणूत कार्बनचे 19 अणू असतात. अ‍ॅरोमाटेज तीन टप्प्यांत ऑक्सिजन वापरून त्यातला एक कार्बन काढून टाकतं आणि रेणूच्या एका कड्याची ठेवण बदलतं. उरतात 18 कार्बन, आणि तेच इस्ट्रोजेन. हा रस्ता एकतर्फी आहे, इस्ट्रोजेनचं परत अँड्रोजेन होत नाही. पाळी जाते तेव्हा पिकण्यासारखी बीजं संपलेली असतात, त्यांच्याबरोबर तो आतला थरही जातो. रसायनक्रिया मात्र तीच राहते. फक्त जागा बदलते.

नवी मुख्य जागा म्हणजे चरबी. तीही ठासून भरलेल्या, फुगलेल्या चरबीपेशी नव्हेत. त्यांच्या मधल्या आधारजाळीत ज्या कोवळ्या, अजून चरबी न साठवलेल्या पेशी असतात, त्यांच्यात अ‍ॅरोमाटेज जास्त सापडतं. शिवाय स्नायू, त्वचा, हाडं आणि मेंदूतही ते थोडंथोडं आहे, पण एकूण हिशेबात चरबीचा वाटा मोठा. तयार झालेला इस्ट्रोन तसा दुबळा असतो. त्याच पेशींत दुसरी विकरं त्यातल्या काही भागाचं इस्ट्राडायोल करतात, जे खूप जोरकस आहे. उरलेल्या बऱ्याचशा इस्ट्रोनला यकृतात आणि इतर ऊतींत सल्फेट जोडलं जातं आणि तो रक्तात साठा म्हणून फिरत राहतो. स्तनासारखी ऊती त्या साठ्यातलं सल्फेट सोडवून पुन्हा इस्ट्रोजेन काढून घेऊ शकते. म्हणूनच रक्तात नगण्य दिसणारं इस्ट्राडायोल रजोनिवृत्त बाईच्या स्तनाच्या ऊतीत रक्ताच्या दहा ते वीस पट आढळतं. मावशीच्या गाठीला खाद्य कुठून मिळालं, याचं मोठं उत्तर इथे आहे. गाठ चरबीच्या शेजारीच बसलेली होती.

आता 'कोणाला किती' हा भाग. हा मला स्वयंपाकघरातल्या हिशेबासारखा वाटतो. दूध किती, आणि त्यातलं तूप किती निघतं. अँड्रोस्टेनडायोन किती तयार होतो आणि त्यातला किती टक्के बदलतो, या दोन आकड्यांचा गुणाकार केला की इस्ट्रोन मिळतो. पाळी सुरू असताना रोज साधारण 3 मिलिग्रॅम अँड्रोस्टेनडायोन तयार होतो, पाळी गेल्यावर दीडच्या आसपास. पण बदलण्याचा दर उलट वाढतो. तरुण बाईत सुमारे 1.3 टक्के, तर रजोनिवृत्त बाईत सरासरी 2.8 टक्के. वय वाढतं तसा तो वाढतो, आणि वजन वाढतं तसा फारच वाढतो.

नमुन्यादाखल तीन बायका घेऊ. तिघींचंही वय साठीपुढे. पहिली शिडशिडीत, वजन 46 किलो. तिचा दर 2.5 टक्के धरला, तर 1500 मायक्रोग्रॅममधून 37 ते 38 मायक्रोग्रॅम इस्ट्रोन. दुसरी 92 किलोची, दर 7 टक्के. तिचा इस्ट्रोन 105 मायक्रोग्रॅम. म्हणजे वय सारखं, दोघींचे अंडाशय थांबलेले, तरी जवळजवळ तिप्पट फरक. तिसरीही 92 किलोची, पण संधिवातासाठी तिने वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत. बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मेंदूकडून अ‍ॅड्रिनलला जाणारा आदेश मंदावतो आणि त्यांचे अँड्रोजेन घसरतात. तिचा अँड्रोस्टेनडायोन 500 वर आला असं धरलं, तर 7 टक्क्यांनी फक्त 35 मायक्रोग्रॅम. अंगावर चरबी भरपूर, पण इस्ट्रोजेन पहिल्या शिडशिडीत बाईपेक्षाही कमी. वजन पाहून इस्ट्रोजेनचा अंदाज बांधणारे इथे चुकतात. हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, पण दोन्ही बाजू अशाच हलतात, हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

कच्चा मालही सगळ्यांकडे सारखा नसतो. अ‍ॅड्रिनलमधल्या ज्या थरातून अँड्रोजेन येतात तो विशीच्या आसपास सर्वांत जोमात असतो आणि मग वर्षावर्षाने आकसत जातो. साठीत दोन बायकांची त्याची पातळी अनेक पटींनी वेगळी असू शकते. शिवाय अंडाशय पाळीबरोबर पूर्ण थंडावत नाहीत. बीजं संपली तरी त्यांची मधली ऊती टेस्टोस्टेरोन आणि थोडा अँड्रोस्टेनडायोन बनवत राहते. रजोनिवृत्त बाईचे अंडाशय काढले की रक्तातलं टेस्टोस्टेरोन जवळजवळ निम्म्यावर येतं, हे 1970 च्या दशकातच दिसलं होतं. इस्ट्रोजेनमध्ये मात्र तेवढी घट दिसत नाही, कारण त्याच्यासाठी मुख्य माल अ‍ॅड्रिनलचा.

म्हणून 'पिशवी काढली' या शब्दामागे नक्की काय काढलं, हे विचारायला हवं. नुसतं गर्भाशय काढलं, तर अंडाशय पुढे बऱ्याचदा काम करत राहतात. पाळी येत नाही, पण हार्मोन असतात. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही गेले, आणि बाई पस्तिशीची असेल, तर तिचं अंडाशयातलं इस्ट्रोजेन एका दिवसात जातं, आणि वरून टेस्टोस्टेरोनचा मोठा वाटाही जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कमी वयात मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं, तेव्हा चर्चा पिशवीवरच अडकली. कोणाचे अंडाशय ठेवले आणि कोणाचे काढले, हा त्यांच्या हाडांच्या पुढच्या चाळीस वर्षांचा प्रश्न होता. ती चर्चा झालीच पाहिजे होती, आणि आजही झालेली नाही.

एवढं सांगितल्यावर मावशीने आणखी एक अडचण काढली. "मग माझ्या वहिनी तर बारीक आहेत, वजन माझ्यापेक्षा कितीतरी कमी. त्यांचं कमीच असणार ना?" असणारच, असं नाही. वजनकाट्यावर हाडं, स्नायू, पाणी आणि चरबी एकत्र दिसतात, आणि इथे चरबीच मोजायची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांचं एक छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एकच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. ते चित्र पुरुषांचं आणि मधुमेहाच्या संदर्भातलं, पण आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या शरीरांत चरबी लपलेली असते, हे त्यातून फार ठसठशीत कळतं.

आणखी एक पदर रक्तातच आहे. इस्ट्राडायोलचा बराचसा भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो, त्यातल्या एका प्रथिनाला तर घट्ट. मोकळा असेल तोच भाग पेशीत सहज शिरतो. हे घट्ट धरणारं प्रथिन यकृत बनवतं, आणि पोट सुटलं, इन्सुलिन वाढलं की यकृत ते कमी बनवतं. म्हणजे जिच्या चरबीत इस्ट्रोजेन जास्त बनतं, तिच्याच रक्तात ते जास्त मोकळंही असतं. दोन्ही फरक एकमेकांवर चढतात. उलटही तेवढंच खरं. रजोनिवृत्त, जाड बायकांनी वर्षभर आहार आणि व्यायामाने वजन उतरवल्यावर इस्ट्राडायोल सुमारे एक पंचमांशाने कमी झालेलं दिसलं आणि ते धरून ठेवणारं प्रथिन वाढलं.

आता या सगळ्याचा शरीराला उपयोग काय? पाळीच्या दिवसांत इस्ट्राडायोल रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये शेकडो पिकोग्रॅमपर्यंत चढतं. पाळी गेल्यावर बहुतेकींचं ते 10 च्या आत असतं. त्याच वयाच्या पुरुषांत 20 ते 30. साठीतल्या नवऱ्याच्या रक्तात बायकोपेक्षा इस्ट्राडायोल जास्त असतं, हे ऐकून पुष्कळजण थबकतात. पण त्यात नवल नाही. त्याच्याकडे टेस्टोस्टेरोनचा कच्चा माल भरपूर असतो, अ‍ॅरोमाटेज दोघांकडे आहे. आणि एवढ्याशा पातळीतही फरक पडतो. 1998 साली अमेरिकेत 65 वर्षांपुढच्या बायकांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने तपासले, तेव्हा ज्यांचं इस्ट्राडायोल 5 पिकोग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे मोजताच येणार नाही इतकं होतं, त्यांच्यात खुब्याचं हाड मोडण्याचा आणि मणके दबण्याचा धोका अडीच पट होता.

दुसऱ्या बाजूला गर्भाशयाचं अस्तर आहे. चरबीतलं इस्ट्रोजेन कोणाच्या ताब्यात नसतं. मेंदूकडून येणारी संप्रेरकं त्याला वाढवत नाहीत, थांबवत नाहीत. महिन्याला चढउतार नाही. आणि इस्ट्रोजेनला आवर घालणारं प्रोजेस्टेरोन अंडाशयांबरोबर गेलेलं असतं. म्हणजे अस्तराला रोज थोडंथोडं उत्तेजन, वर्षानुवर्षं, आणि लगाम नाही. लठ्ठ बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असण्याचं हे प्रमुख कारण. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्ताचा डाग जरी दिसला, तरी त्याला 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नये. सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड निघालं, तर डॉक्टर त्याचा तुकडा तपासायला घेतात. अस्तर पातळ असूनही रक्त थांबत नसेल, तरीही घेतात.

अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं यावर मात्र चरबीतलं इस्ट्रोजेन उतारा ठरत नाही. तसं असतं तर जाड बायकांना तो त्रास कमी झाला असता. पाळी जाण्याच्या काळात त्यांना तो उलट जास्त होतो. त्या वाफांचं नातं पातळी घसरण्याशी अधिक आहे, शिवाय चरबीचा थर अंगाची उष्णता धरून ठेवतो.

मावशीने 'हार्मोन पॅकेज'मध्ये इस्ट्राडायोल मोजून घेतलं होतं. अहवालात लिहिलं होतं: 10 पेक्षा कमी. तिला वाटलं, शून्यच आहे. नेहमीच्या प्रयोगशाळांतली चाचणी प्रतिपिंडांवर चालते आणि ती पाळीतल्या मोठ्या आकड्यांसाठी बनलेली आहे. 10 च्या खाली ती डोळे मिटते, किंवा रक्तातल्या इतर सारख्या दिसणाऱ्या रेणूंना इस्ट्राडायोल समजते. एक्झेमेस्टेन या स्तनकर्करोगाच्या औषधाची बांधणी स्टेरॉइडसारखीच असल्याने ते घेणाऱ्या बाईचं इस्ट्राडायोल अशा चाचणीत खोटंच वाढलेलं दिसू शकतं. खरा आकडा हवा असेल, तर वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने करावा लागतो. बहुतेक बायकांना त्याची गरज नसते.

गरज पडते ती एका ठिकाणी, आणि तिथली चूक महागात पडते. 46 वर्षांच्या बाईची पाळी केमोथेरपीमुळे बंद झाली आणि तिला रजोनिवृत्त समजून लेट्रोझोल दिली, तर काय होतं? अंडाशय मेलेले नसतात, दबलेले असतात. गोळीने इस्ट्रोजेन उतरलं की मेंदू अंडाशयांना जोराने ढोसतो, आणि ते पुन्हा जागे होतात. मग इस्ट्रोजेन घटण्याऐवजी पूर येतो. काहींना पाळी परत आली आहे, गर्भही राहिला आहे. म्हणून पाळी उपचाराने गेलेल्या बाईला हे औषध एकटं देत नाहीत. अंडाशयांना झोपवणारं इंजेक्शन सोबत द्यावं लागतं, आणि पातळी मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासावी लागते.

ह्या गोळ्यांच्या जन्माची गोष्ट मावशीला फार आवडली. 1970 च्या दशकात अमिनोग्लुटेथिमाइड हे औषध शस्त्रक्रियेऐवजी अ‍ॅड्रिनल बंद करायला वापरत. अमेरिकेतल्या रिचर्ड सॅन्टेन आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं, तेव्हा ते औषध अ‍ॅड्रिनलपेक्षा बाहेरच्या ऊतींतलं अ‍ॅरोमाटेजच बंद पाडत होतं. अ‍ॅड्रिनलला धक्का न लावता तेवढं एकच काम करणारी औषधं त्यातून शोधली गेली. लेट्रोझोल त्यातली एक. ती शरीरभरचं हे रूपांतर 98 टक्क्यांहून जास्त थांबवते.

"म्हणजे माझ्या शिडशिडीत वहिनीतलंही ते बंद होईल?" मावशीने विचारलं. होईल. आणि मग सांधे दुखतील, हाडं विरळ होऊ लागतील. सोळा वर्षं पाळी नसलेल्या बाईचं उरलंसुरलं इस्ट्रोजेन काढल्यावर तिचे गुडघे कुरकुरतात, याहून मोठा पुरावा ते होतं आणि काम करत होतं याचा कुठे मिळणार? गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी मावशीची डेक्सा नावाची हाडांची चाचणी करून घेतली होती. तिला ती चाचणी कशासाठी केली, हे आता कळलं. अहवाल तिने पिशवीतून काढला आणि मणक्यांचा आकडा कोणता, ते मला बोट ठेवून दाखवायला सांगितलं.